टीकात्मक टिपण: 'काय सांगितलं' पासून 'कशावरून सांगितलं' पर्यंत

संदर्भसूचीतल्या नोंदीखाली चार ओळींचं टिपण लिहायची पद्धत जुनीच. मतप्रदर्शनही त्यात पहिल्यापासून होतं. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियस या विद्वानाने वाचलेल्या सुमारे 280 ग्रंथांवर टिपणं लिहिली, पण त्याची पसंती-नापसंती बऱ्याचदा भाषाशैलीवर आणि धर्ममतावर ठरे. लेखकाला ही माहिती मिळाली कशी, हा प्रश्न तिथे क्वचितच येतो.

एकोणिसाव्या शतकात संशोधनाची नियतकालिकं वाढली आणि गोषवारे छापणारी नियतकालिकं निघाली. रसायनशास्त्रातलं जर्मन नियतकालिक 1830 पासूनचं. गोषवारा लिहिणाऱ्याने स्वतःचं मत मध्ये आणू नये, हा शिरस्ता त्यातून पक्का झाला. गोषवाऱ्यासाठी तो योग्यच होता. अडचण अशी की विद्यार्थ्यांनी टिपणासाठीही तोच साचा उचलला, आणि आजही बहुतेक सटीप सूच्या म्हणजे मूळ लेखाच्या सारांशाचा सारांश असतात.

याला ग्रंथालयांच्या जगातून वेगळं वळण मिळालं. लेखक जॉर्ज आइल्स यांचा आग्रह होता की वाचकाला पुस्तकाचा विषय कळून भागत नाही. त्या विषयातल्या जाणकाराने केलेलं मोल त्याच्यासमोर यायला हवं. त्यांच्या पाठबळावर 1902 मध्ये ग्रंथपाल जे. एन. लार्नेड यांनी अमेरिकी इतिहासाच्या ग्रंथांची सूची संपादित केली. ग्रंथाची व्याप्ती, स्वरूप आणि तुलनात्मक योग्यता सांगणं हा तिचा जाहीर हेतू होता. तरीही तिथे निवाडा तज्ज्ञाच्या अधिकारावर उभा होता. तज्ज्ञ 'भरवशाचं' म्हणाला, तर वाचकाने मान डोलवायची.

हा अधिकार सामान्य वाचकाच्या हाती दिला तो वैद्यकाने. 1981 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने, डेव्हिड सॅकेट त्यात प्रमुख, डॉक्टरांनी शोधनिबंध कसे वाचावेत यावर लेखमाला लिहिली. उपचाराचा निबंध असेल तर त्यांचे प्रश्न साधे होते: कोणाला औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, योगायोगावर सोडलं होतं का? सुरुवातीला घेतलेल्या सगळ्या रुग्णांचा हिशेब शेवटी लागतो का? 1991 मध्ये सुरू झालेल्या 'एसीपी जर्नल क्लब' या वैद्यकीय नियतकालिकाने यावरून टिपणाचा नमुनाच घडवला. आधी पद्धतीच्या कसोटीवर निबंधांची निवड, मग नव्याने लिहिलेला गोषवारा आणि त्याखाली एका डॉक्टरचं सहीनिशी भाष्य. सारांश आणि निवाडा शेजारी, पण वेगळे.

अशा टिपणाने काय साधतं, ते त्याच वर्षीच्या एका निबंधावर पाहता येतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातल्या, पाळी थांबलेल्या 48,470 स्त्रियांची दहा वर्षांपर्यंतची माहिती त्यात होती. इस्ट्रोजेन हे संप्रेरक औषध म्हणून घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका न घेणाऱ्यांच्या 0.56 पट आढळला. सारांशवजा टिपण इथेच थांबेल: 'मोठा अभ्यास, इस्ट्रोजेनमुळे हृदयविकार जवळपास निम्मा.' यातला 'मुळे' टिपणकाराने स्वतःच्या खिशातून घातलेला आहे.

टीकात्मक टिपण काहीसं असं होईल: 'निरीक्षणात्मक अभ्यास. संख्या मोठी, पाठपुरावा दीर्घ. पण औषध घ्यायचं की नाही, हे स्त्रियांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं. घेणाऱ्या मुळातच अधिक निरोगी असू शकतात. वय आणि इतर ज्ञात धोके हिशेबात धरले आहेत. न मोजलेले धरता येत नाहीत. सहभागी सगळ्या परिचारिका. पुढच्या चाचणीसाठी भक्कम आधार, उपचाराच्या शिफारशीसाठी अपुरा.' यातलं एकही वाक्य लिहायला भविष्य कळण्याची गरज नव्हती. निबंधातलं पद्धतीचं प्रकरण पुरेसं होतं. मात्र नुसतं 'निरीक्षणात्मक असल्याने मर्यादा आहेत' असं लिहिणं फुकट. ते अशा कुठल्याही निबंधाला चिकटवता येतं. दोष निकालाला कोणत्या दिशेने ढकलतो हे सांगितलं, तरच वाचकाच्या हाती काही पडतं. इथे तो औषधाच्या बाजूने ढकलतो.

2002 मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या संशोधन प्रकल्पाच्या अशाच औषधावरच्या चाचणीचे निकाल आले. 16,608 स्त्रियांची योगायोगाने विभागणी, सरासरी 5.2 वर्षांनी औषध थांबवावं लागलं. हृदयविकाराचा धोका औषधाच्या गटात 1.29 पट निघाला, म्हणजे 10,000 स्त्रियांमागे वर्षाला सुमारे 7 जादा घटना.

पण हाच निबंध सूचीत आला, की 'आधीचं चुकीचं ठरलं' एवढंच लिहून टिपणकाराला सुटता येत नाही. या चाचणीत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन हे दुसरं संप्रेरकही होतं, आणि स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, पाळी थांबून अनेकींना बरीच वर्षं झालेली. नुकतीच पाळी थांबलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला हा निकाल जसाच्या तसा लावता येईल का, यावर पुढे बराच वाद झाला. तेव्हा त्या टिपणात पद्धतीबद्दल 'भक्कम' लिहायचं आणि लागू होण्याबद्दल वय व औषधाचं मिश्रण नोंदवायचं.