ठेका कामगार आणि परमनंट स्टाफ (एकाच शेडमध्ये हुकूम कोणाचा)

कारखाना, वीज केंद्र, खाण किंवा हॉस्पिटलात कंपनीच्या मस्टरवरचे कर्मचारी आणि ठेकेदाराने पाठवलेले कामगार शेजारी-शेजारी राबत असतात, तेव्हा काम कोण सांगणार, माणूस कोण नेमणार, सुट्टी कोण देणार आणि चूक झाली तर बोलणार कोण हे ठरवायची जी पद्धत असते तिच्याबद्दल ही नोंद आहे. नागपूरकडे पहिल्याला नुसतं 'परमनंट' किंवा 'कंपनीवाला' म्हणतात आणि दुसऱ्याला 'ठेक्यावरचा'. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत, उमरेडकडच्या कोळसा खाणींत दोन्ही प्रकारचे लोक एकाच गेटमधून आत जातात, गेटपास फक्त वेगळा. ठेका म्हणजे काय हे वाचकांना माहीतच आहे, त्यामुळे इथे मुख्यतः हुकुमाचा प्रश्न घेतलाय, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात.

उगम

पद्धत कुठून आली यावर दोन मतं दिसतात. एका मतानुसार गिरणीतला जॉबर किंवा मुकादम हाच आजच्या लेबर ठेकेदाराचा पूर्वज. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि त्या काळच्या कापड गिरण्यांत माणूस आणणं, कामाला लावणं आणि काढणं बहुतेक जॉबरच्याच हातात असे. दुसऱ्या मतानुसार मूळ रेल्वे, रस्ते आणि खाणकामातल्या ठेक्यात आहे, जिथे ठेकेदार पूर्ण कामाचा दर घ्यायचा आणि मजूर स्वतःचे आणायचा, नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीज खाणी साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाल्या त्यांचंही उदाहरण यात घेतलं जातं. दोन्ही धागे एकत्र आले असणार हे उघड आहे, पण हुकुमाच्या दृष्टीने दुसरं मत जास्त जवळचं वाटतं: जॉबर स्वतः गिरणीच्या पगारावर होता, म्हणून त्याचा शब्द हा शेवटी गिरणीचाच शब्द होता, ठेकेदाराचं तसं नाही, तो बाहेरचा मालक. इंग्रजांच्या काळातल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये ठेक्याची मजुरी बंद करावी अशी शिफारस केली होती, ती तशी अंमलात आली नाही हे सांगायला नको.

कायद्याची बाजू

१९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम मूळचा २० किंवा जास्त ठेका कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता, महाराष्ट्राने नंतर ही मर्यादा ५० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ती ५० च आहे. संहितेने मुख्य कामात, म्हणजे ज्यासाठी कंपनी उभी आहे त्या कामात, ठेका कामगार लावायला काही अपवाद सोडून मनाई केली आहे, पण साफसफाई, सिक्युरिटी, कॅन्टीन, लोडिंग-अनलोडिंग अशी कामं साधारणपणे मुख्य काम धरली जात नाहीत.

आता वादाचा मुद्दा. कंपनीचा माणूस ठेक्याच्या माणसाला रोज थेट हुकूम देत असेल तर तो कामगार कंपनीचाच ठरतो का? सुप्रीम कोर्टाच्या १९५७ च्या ध्रांगध्रा केमिकल्सच्या निकालापासून 'काम कसं करायचं हे सांगायचा अधिकार कोणाचा' ही कसोटी चालत आली. १९७८ च्या हुसैनभाई निकालाने मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून पोटापाण्याची दोरी कोणाच्या हातात आहे ते बघायला सांगितलं. मग १९९७ च्या एअर इंडिया निकालात सरकारने एखाद्या कामात ठेक्यावर बंदी आणली की कामगार आपोआप कायम होतात असं म्हटलं गेलं, आणि २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या निकालात घटनापीठाने ते रद्द केलं: आपोआप काही होत नाही, ठेका खोटा म्हणजे नुसता कागदी निघाला तरच कामगार कंपनीचा.

इथून बऱ्याच एचआरवाल्यांनी असा अर्थ काढला की ठेक्याच्या माणसाशी बोलायचंच नाही, जे काय सांगायचं ते ठेकेदाराच्या सुपरवायझरला. हा अर्थ थोडा घाबरटपणाचा आहे. २००९ च्या इंटरनॅशनल एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या निकालात कोर्टाने दोन पातळ्या वेगळ्या केल्या. माणूस पुरवायचाच ठेका असेल तर आलेल्या माणसाला काम कंपनीच दाखवणार, ते दुय्यम नियंत्रण झालं, पण कोणाला पाठवायचं, कुठे पाठवायचं, ठेवायचं की काढायचं हे मुख्य नियंत्रण ठेकेदाराकडे राहिलं तर नातं बदलत नाही. २०१४ च्या बलवंत राय सलुजा निकालातही नेमणूक, पगार, बडतर्फी, शिस्तीची कारवाई, सलग नोकरी आणि नियंत्रणाची व्याप्ती अशी एकत्र यादी आहे, तोंडी हुकूम हा त्यातला एक भाग. प्रस्तुत नोंदीचा कल याच वाचनाकडे आहे. 'हा पॅलेट तिकडे ठेव' म्हटल्याने कोणी कंपनीचा होत नाही, पण त्याची सुट्टी कंपनीच्या शिफ्ट इन्चार्जने व्हॉट्सअॅप ग्रुपवर मंजूर केली तर तो स्क्रीनशॉट उद्या कोर्टात बराच बोलू शकतो.

शेडमधली विभागणी

जिथे हे नीट चालतं तिथे चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं असतात. आज काय काम आणि किती लोक लागतील हे कंपनीचा शिफ्ट इन्चार्ज ठरवतो. त्या कामावर नेमका कोण जाईल हे ठेकेदाराचा सुपरवायझर ठरवतो. हजेरी, सुट्टी, ताकीद, बदली ही ठेकेदाराची. आणि धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कोणाचाही, हेल्परचासुद्धा, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. शेवटचं यासाठी की १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता, त्यामुळे सुरक्षेच्या बाबतीत 'तो आमचा नाही' हे कधीच चाललं नाही.

उदाहरण म्हणून एक नेहमीचा प्रसंग घ्या. पॅकिंग लाईन, रात्रपाळी, बारा परमनंट ऑपरेटर आणि तीस ठेक्याचे हेल्पर. कन्व्हेयरखाली बोरी अडकते. ऑपरेटर जवळ उभ्या हेल्परला म्हणतो, "भाऊ, जरा हात घालून ओढ ना." हेल्परला त्याच्या सुपरवायझरने पॅलेटवर लावलेलं असतं, पण कंपनीवाल्याला नाही म्हणायचं कसं, तो कन्व्हेयरवरचा गार्ड उचलतो आणि बोट सापडतं. मग चौकशीत ऑपरेटर म्हणतो मी सांगितलंच नाही, सुपरवायझर म्हणतो मी त्याला तिथे लावलंच नव्हतं, आणि हेल्पर एकटा पडतो, त्याला तर वाटत होतं आपण मदत केली. इथे चूक ऑपरेटरच्या आवाजात नाही, जाम काढायचं काम कोणाच्याच वाटणीत लिहिलेलं नव्हतं यात आहे.

यावर साधी काम-चिठ्ठी कामाची ठरते. कामाचं नाव, जागा, किती माणसं, वेळ, मशीन बंद करून कुलूप लावायचं की नाही, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, बस, पुस्तक दोन प्रतींचं. रोजचं ठरलेलं काम शिफ्टच्या सुरुवातीच्या एका चिठ्ठीत येतं, मधे उपटलेल्या कामाला नवी चिठ्ठी. वरच्या प्रसंगात जाम काढणं हे आधीच परमनंट फिटरच्या नावावर लिहिलं असतं तर ऑपरेटरने लाईन बंद करून फिटरला हाक मारली असती, हेल्परला नाही. पहिले आठ-दहा दिवस सगळे चिठ्ठीला शिव्या घालतात. मग ओव्हरटाईमचं बिल येतं आणि गेटचं रजिस्टर, चिठ्ठी आणि बिल तिन्हीचे तास जुळतात की नाही हे कळायला लागतं, तेव्हा शिव्या कमी होतात.

ही पद्धत मोडते ती बहुतेक एकाच जागी: ठेकेदाराचा सुपरवायझर नाईटला हजर नसतो, किंवा एकच माणूस दोन साईट बघतो. मग हुकूम आपोआप ऑपरेटरकडे जातो, चिठ्ठ्या सकाळी एकदम भरल्या जातात, सगळ्यांवर एकाच पेनची आणि एकाच अक्षराची सही. हे बघून ओळखता येतं. उपाय ठेक्याच्या अटीतच घालावा लागतो, दर शिफ्टला सुपरवायझर नसेल तर त्या शिफ्टचं बिल कापायचं.

रुसवा कुठून येतो

ठेक्यावरच्यांचा राग मुख्यतः पगाराच्या फरकावर असतो असं धरलं जातं, ते काही अंशी खरं आहे. १९७० च्या कायद्याखालच्या जुन्या केंद्रीय नियम २५ मध्ये तेच किंवा तसंच काम असेल तर दर आणि सवलती कंपनीच्या कामगारासारख्याच द्याव्यात अशी अट होती, आणि 'तसंच काम' कशाला म्हणायचं याचा निवाडा लेबर कमिशनरकडे. म्हणूनच दोन्ही गटांची कामं कागदावर आणि जागेवर वेगळी ठेवणं हे नुसतं टापटीप दिसण्यासाठी नसतं. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा हेही १९७० च्या कायद्यात होतं, म्हणून समजदार अकाउंट्सवाले मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलान बघितल्याशिवाय या महिन्याचं बिल पास करत नाहीत.

पण पगाराचा फरक माणूस येतानाच गृहीत धरून येतो, चटका बसतो छोट्या गोष्टींचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा परमनंटच्या टेबलावर मठ्ठ्याचा जग येतो आणि ठेक्यावरचे नळावर जातात. तान्ह्या पोळ्याची सुट्टी एकाला पगारी, दुसऱ्याचा रोज बुडाला. सेफ्टी शूज एकाला कंपनीचे, दुसऱ्याला ठेकेदाराचे, तेही एक नंबर मोठे. यातलं कॅन्टीन, पिण्याचं पाणी, विश्रांतीची जागा, फर्स्ट एड हे ठेकेदाराने दिलं नाही तर मूळ मालकाने द्यायचं अशी कायद्यातच तरतूद होती, म्हणजे मठ्ठ्याचा जग दोन्ही टेबलांवर ठेवल्याने कोणी परमनंट होत नाही. सुट्टीचं मात्र तसं नाही, ती ठेक्याच्या दरात आधी धरावी लागते, नंतर दयाबुद्धीने देता येत नाही.

परमनंटच्या रागाबद्दल लिखाण कमीच सापडतं, पण तोही असतो. त्याच्या जागेवर नवीन परमनंट येत नाही, ओव्हरटाईम स्वस्त माणसाकडे जातो, आणि शिकवायचं काम त्याच्याच गळ्यात. तीन महिने खपून एक हेल्पर तयार केला आणि सोमवारी बघतो तर ठेकेदाराने त्याला दुसऱ्या साईटवर टाकलेलं, तिथे नवाच पोरगा उभा. माणूस बदलायचा हक्क ठेकेदाराचा आहे, तो काढून घेतला तर वर सांगितलेली कायद्याची अडचण येते, पण बदलाआधी सात दिवस कळवायचं आणि नवा माणूस दोन दिवस जुन्यासोबत ठेवायचा एवढी अट ठेक्यात घालता येते. शिकवणाऱ्या ऑपरेटरला ओव्हरटाईम आधी विचारणं हेही काही ठिकाणी चालतं. लहान युनिटमध्ये, जिथे दहा-पंधराच लोक असतात, तिथे यातलं फारसं काही नसतं, मालक स्वतःच शेडमध्ये उभा राहून दोघांनाही सांगतो आणि ठेकेदार महिन्यातून एकदा बिल घेऊन येतो.