जपानी पुस्तक अचानक शेवटच्या पानावर का जातं?

पुण्यात जपानी शिकणारी बरीच मंडळी आता वाचनासाठी जपानी ई-बुक अ‍ॅप वापरतात, आणि त्यांच्या ग्रुपमध्ये एक तक्रार फिरून फिरून येते. मोबाईलवर निम्मं पुस्तक वाचून झालं, टॅबलेटवर उघडलं तर ते थेट शेवटच्या पानावर उघडलं. त्यावर उत्तरही ठरलेलं असतं, नेट स्लो असेल, अ‍ॅप काढून परत टाक. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, कारण बहुतेक वेळा नेटचा यात काही दोष नसतो. अ‍ॅपने त्याला सांगितलेला नियम बरोब्बर पाळलेला असतो, आपल्याला तो नियम माहीत नसतो एवढंच.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करूया. अ‍ॅपमध्ये ライブラリ (राइबुरारी) लिहिलेलं दिसतं ती फक्त यादी, म्हणजे तुमच्या खात्यावर कुठली पुस्तकं आहेत त्याची नोंद, आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. ダウンロード (दाउनरोदो) म्हणजे त्यातल्या एखाद्या पुस्तकाची फाईल तुमच्या फोनमध्ये उतरवणं. आणि 同期 (दोकी) म्हणजे सिंक. यात पुस्तक इकडून तिकडे जातच नाही, जाते ती तुम्ही कुठपर्यंत आलात याची एक छोटीशी नोंद, सोबत बुकमार्क आणि अंडरलाइन. म्हणून फोनमधून फाईल उडवली तरी पुस्तक यादीत राहतं आणि परत उतरवता येतं. यादीतूनच काढण्याचा पर्याय मात्र वेगळा असतो, तो दाबण्याआधी नीट वाचा.

डाउनलोडबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण आकाराचा अंदाज हवा. जपानी अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सहसा 3 बाइट घेतं (आपलं देवनागरीही 3च), त्यामुळे 1 लाख अक्षरांची कादंबरी म्हणजे साधारण 300 केबी मजकूर, तोही दाबून अजून लहान होतो. ऑडिओबुकचं गणित वेगळं. 64 केबीपीएसला सेकंदाला 8 केबी, म्हणजे तासाला 28.8 एमबी, आणि 10 तासांचं पुस्तक 288 एमबी. मांगाची पानं म्हणजे चित्रंच, तीही जड असतात. म्हणून 'फक्त वाय-फायवर डाउनलोड' ही सेटिंग ऑडिओ आणि मांगासाठी चालू ठेवा, कादंबरीला तिने काही फरक पडत नाही.

आता खरी मजा. तुम्ही कुठे आहात हे अ‍ॅप लक्षात कसं ठेवतं? पान नंबर ठेवत असेल असं वाटतं, पण पान नंबर इथे बिनकामाचा आहे. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, फोन आडवा धरला की बदलतात, टॅबलेटवर अजून वेगळी. म्हणून पुस्तकाच्या आत शिरून अक्षर मोजावं लागतं. ईपब या फॉरमॅटमध्ये त्यासाठी एक ठरलेली पद्धत आहे (किंडलची आणि काही दुकानांची पद्धत स्वतःची वेगळी, पण मूळ कल्पना तीच). ती अशी दिसते:

```
epubcfi(/6/8!/4/20/1:8)
```

घाबरू नका, हा निव्वळ पत्ता आहे, वाडा, मजला, खोली असा सांगतो तसाच. ईपब म्हणजे आतून वेबपेजसारख्या फाईलींचा गठ्ठा असतो. /6 म्हणजे कुठल्या क्रमाने काय वाचायचं ती यादी, /8 म्हणजे त्या यादीतली चौथी फाईल, समजा तिसरं प्रकरण. चौथी आणि नंबर 8 कसा? तर मजकुराचे भाग दाखवणाऱ्या खुणांना, म्हणजे टॅगना, सम आकडे देतात, 2, 4, 6, 8, आणि त्यांच्या मधल्या साध्या मजकुराला विषम. उद्गारचिन्ह म्हणजे आता त्या फाईलीच्या आत शिरा. /4 म्हणजे फाईलीचा मुख्य भाग, /20 म्हणजे त्यातला दहावा परिच्छेद, /1 म्हणजे परिच्छेदातला पहिला मजकूर, आणि :8 म्हणजे तिथून आठ अक्षरं सोडून पुढे. म्हणजे फॉन्ट कितीही बदला, उभं वाचा, आडवं वाचा, पत्ता तोच राहतो. मला ही रचना फार आवडते.

पण जपानी पुस्तकात एक खास अडचण आहे, ती म्हणजे फुरिगाना. कांजीच्या बाजूला बारीक अक्षरात तिचा उच्चार लिहितात ना, तो. ईपबमध्ये तो वेगळ्या टॅगमध्ये बसतो, आणि टॅग आला की मजकुराचे तुकडे पडतात. एक वाक्य घेऊन बघू, अर्थ 'काल सकाळी तोक्योला गेलो':

```
<p>昨日の朝、東京へ行った。</p>
```

यात 行 च्या आधी आठ अक्षरं आहेत, स्वल्पविराम धरून, मोजून बघा. म्हणून पत्ता /1:8. आता प्रकाशकाने सुधारित आवृत्ती दिली आणि तोक्योवर फुरिगाना घातला:

```
<p>昨日の朝、<ruby>東京<rt>とうきょう</rt></ruby>へ行った。</p>
```

वाचणाऱ्याला वाक्य तेच, पण आतून परिच्छेदाचे तीन तुकडे झाले. पहिल्या मजकुरात आता पाचच अक्षरं उरली, मग फुरिगानाच्या रुबी टॅगला नंबर 2, आणि उरलेल्या मजकुराला नंबर 3. 行 चा नवा पत्ता आहे /3:1. तुमच्या जुन्या नोंदीत /1:8 आहे आणि त्या तुकड्यात आठवं अक्षरच नाही! मग अ‍ॅप जवळपास कुठेतरी थांबतं, तुकड्याच्या टोकाला नाहीतर परिच्छेदाच्या सुरुवातीला, आणि वाचताना हे जाणवतही नाही. पण सुधारित आवृत्तीत पुस्तकाच्या सुरुवातीला एक जादा फाईल आली, समजा पात्रपरिचयाची, तर यादीतले सगळे नंबर एकाने सरकतात, पूर्वीची चौथी फाईल आता पाचवी, आणि /8 वर आता दुसरं प्रकरण बसलेलं असतं. म्हणजे तुम्ही एक अख्खं प्रकरण मागे फेकले जाता. यावर उपाय म्हणून पत्त्यात त्या त्या भागाचा आयडी आणि आजूबाजूची अक्षरंही नोंदवायची सोय आहे, ती वापरली असेल तर अ‍ॅपला चूक पकडता येते. एका डिव्हाइसवर जुनी फाईल आणि दुसऱ्यावर नवीन असेल तर हा घोळ रोज होतो. ओळखायचं कसं? जागा दर वेळी थोडीशी किंवा एखादं प्रकरण, पण त्याच दिशेला सरकत असेल तर समजा आवृत्तीत फरक आहे, दोन्हीकडची फाईल काढा आणि परत उतरवा.

मग थेट शेवटच्या पानावर उडी कशामुळे? तिथे पत्ता बरोबर असतो, निवड चुकलेली असते. दोन डिव्हाइसकडून दोन पत्ते आले की सर्व्हरने कुठला धरायचा? एक नियम असा की जो पुस्तकात सर्वात पुढे आहे तो धरायचा, किंडलमध्ये 'सर्वात पुढचं वाचलेलं पान' ही कल्पना आहे ती हीच. दुसरा नियम, जो सर्वात अलीकडचा आहे तो धरायचा. सरळ वाचणाऱ्याला दोन्हीत फरक दिसत नाही. पण जपानी कादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाचं मनोगत असतं, आतोगाकी म्हणतात, आणि ते आधी वाचून मग कादंबरीला हात घालणारे वाचक तिकडे बरेच आहेत. त्यांनी मनोगत उघडलं की पुढचं पान धरणाऱ्या नियमाच्या हिशोबाने पुस्तक जवळपास संपलंच, आणि मग दर वेळी नवीन डिव्हाइस विचारतं, शेवटी जाऊ का?

आपल्याकडच्या शिकणाऱ्यांची गफलत अजून वेगळीच. उभ्या ओळींचं जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे सरकतं, पुढचं पान डावीकडे. खालची प्रगतीची पट्टीही बऱ्याच अ‍ॅपमध्ये अशा पुस्तकात उलटी चालते, सुरुवात उजव्या टोकाला. सवयीने सुरुवातीला जायचं म्हणून डावं टोक दाबलं की तुम्ही गेलात शेवटच्या पानावर, आणि तेवढ्यात सिंक झालं की नोंद पक्की. आडव्या ओळींच्या पुस्तकात, म्हणजे व्याकरणाच्या किंवा कॉम्प्युटरच्या, पट्टी डावीकडूनच चालते, म्हणून गोंधळ अजून वाढतो.

अलीकडचा पत्ता धरणाऱ्या नियमातही खड्डा आहे. समजा फोन आणि टॅबलेट दोन्हीवर 30 टक्के झालेत. तुम्ही विमानात टॅबलेटवर फ्लाइट मोडमध्ये दुपारी 2 ते 5 वाचून 52 टक्क्यांवर आलात. उतरल्यावर 6 वाजता फोनवर तेच पुस्तक सहज उघडलं आणि बंद केलं, फोनला बिचाऱ्याला 30च माहीत, त्याने तेच पाठवलं. 7 वाजता टॅबलेटला नेट मिळालं. आता अ‍ॅप वाचल्याची वेळ बघत असेल तर 6 वाजताचे 30 टक्के जिंकतात, आणि पोचल्याची वेळ बघत असेल तर 7 वाजताचे 52. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आणि निकाल उलटे. म्हणून ऑफलाइन वाचलेलं डिव्हाइस आधी नेटवर आणा, एकदा सिंक करा, मगच दुसरं उघडा. फोनचं घड्याळ हाताने पुढेमागे केलं असेल तर तेही या हिशोबात घुसतं, म्हणून वेळ ऑटोमॅटिकवर असू द्या.

आणि म्हणूनच तो 'अ‍ॅप काढून परत टाक' वाला तोडगा मला धोक्याचा वाटतो. रात्री चार्जिंगला लावलं की आपोआप सुधारतं, कॅशे उडवली की सगळं जागेवर येतं, असले अंधविश्वास लोक एकमेकांना आत्मविश्वासाने सांगतात. अ‍ॅप काढलं की त्या डिव्हाइसवरची अजून न पाठवलेली नोंद कायमची जाते, म्हणजे वरच्या उदाहरणात टॅबलेटचे 52 टक्के जगात कुठेच उरत नाहीत. चुकीची नोंद तर सर्व्हरवर बसलेली असते, अ‍ॅप परत टाकल्यावर तीच परत येणार. त्यापेक्षा आपल्या खऱ्या पानावर जा, तिथे बुकमार्क लावा, नेट चालू ठेवून पुस्तक बंद करा.

ऑडिओबुकमध्ये पत्ता सोपा, सुरुवातीपासून किंवा प्रकरणाच्या सुरुवातीपासून किती वेळ झाला एवढाच आकडा. पण तेच पुस्तक वाचायलाही असेल तर आपोआप दुवा जुळत नाही, कारण 'तास 2, मिनिट 14' आणि 'दहाव्या परिच्छेदात आठ अक्षरं सोडून पुढे' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो जोडायला कोणालातरी प्रत्येक वाक्य आवाजात कधी सुरू होतं आणि कधी संपतं याचा तक्ता बनवावा लागतो. ईपब 3 मध्ये असा तक्ता सोबत ठेवायची सोय आहे, पण तो बनवलेला असेल तरच. नाहीतर दोन्ही एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी दिसतील आणि एकमेकांना ओळखणार नाहीत.

तुमच्या अ‍ॅपचा नियम कुठला हे दोन मिनिटांत कळतं. एखादं फुकटचं पुस्तक घ्या, ज्याच्या जागेची पर्वा नाही असं, आणि आधी टॅबलेटवर उघडून सुरुवातीलाच बंद करा. मग फोनवर नेट चालू ठेवून 80 टक्क्यांवर जा, थोडं थांबा, बंद करा. परत फोनवरच उघडून 20 टक्क्यांवर या, थोडं थांबा, बंद करा. आता टॅबलेटवरही नेट चालू ठेवून उघडा. 20 वर उघडलं तर अ‍ॅप अलीकडचं धरतं, 80 वर उघडलं किंवा 80 वर जाऊ का विचारलं तर सर्वात पुढचं धरतं, आणि सुरुवातीलाच राहिलं तर बहुधा सेटिंगमध्ये 同期 बंद आहे.