व्हीपीएन आणि टॉर : दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरे

2020 च्या टाळेबंदीत ऐरोली आणि महापे येथील कार्यालये ओस पडली, आणि तेथील कर्मचारी घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा कोपरखैरण्याच्या घरातून काम करू लागले, तेव्हा ‘व्हीपीएन लागत नाही’ हे वाक्य घरातल्या लहान मुलांनाही पाठ झाले. त्या व्हीपीएनचा खासगीपणाशी फारसा संबंध नव्हता. घरच्या लॅपटॉपपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाणारा कूटबद्ध बोगदा, एवढेच त्याचे काम होते. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची कंपनीच बसलेली असल्यामुळे त्या टोकावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

व्हीपीएनचा जन्मही याच गरजेतून झाला. 1990 च्या दशकाच्या मध्यास कंपन्यांना दूरच्या शाखा जोडण्यासाठी भाड्याच्या स्वतंत्र तारा परवडेनाशा झाल्या आणि सार्वजनिक इंटरनेटवरूनच खासगी वाहतूक नेण्याच्या पद्धती पुढे आल्या. त्यांपैकी आयपीसेक या पद्धतीची पहिली मानके 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून केलेली पीपीटीपी ही पद्धत त्याच सुमाराची. पुढे तिच्या कूटलेखनात गंभीर त्रुटी सापडल्या आणि ती मागे पडली. 2001 मध्ये ओपनव्हीपीएन आले, आणि 2020 मध्ये वायरगार्ड ही आणखी एक पद्धत लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तंत्र सुधारत गेले तरी मांडणी तीच राहिली: एक बोगदा, दोन टोके, आणि दुसरे टोक विश्वासातले.

नंतर हाच बोगदा सामान्य ग्राहकाला खासगीपणाचे साधन म्हणून विकला जाऊ लागला, आणि दुसऱ्या टोकाला आपल्या कंपनीऐवजी अनोळखी विक्रेता येऊन बसला. ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर जातो हे घरच्या इंटरनेट पुरवठादाराला दिसेनासे झाले, हे खरेच. पण ते सारे आता विक्रेत्याला दिसू लागले. ग्राहकाचा मूळ आयपी पत्ता आणि त्याने गाठलेले ठिकाण या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच यंत्रावर एकत्र येतात. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे त्याचे आश्वासन खरे असू शकते, परंतु ते पडताळून पाहण्याची सोय ग्राहकाच्या हाती नसते.

टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचा उगम नेमक्या याच अडचणीत आहे. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हरसन यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास विचारलेला प्रश्न असा होता की, कोण कोणाशी बोलतो आहे हे मधल्या कोणत्याही एका यंत्राला कळू न देता संदेश पोहोचवता येईल का. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकावर एक कूटलेखनाचे थर चढवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राने फक्त आपला थर सोलायचा, हे त्यांचे उत्तर होते. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सायव्हरसन यांच्यासह त्याची पुढची आवृत्ती उभी केली आणि ऑक्टोबर 2002 मध्ये टॉरचे जाळे सार्वजनिकरीत्या सुरू झाले. लष्करी प्रयोगशाळेतील वस्तू सर्वांना खुली का केली, याचे अनेकांना नवल वाटते, पण कारण सरळ आहे. केवळ नौदलच हे जाळे वापरत असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता. लपण्यासाठी गर्दी लागते, आणि तीही सरमिसळ असावी लागते.

टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाचे चिन्ह दाबले की चालू मार्ग दिसतो: आपला ब्राउझर, त्यानंतर उदाहरणार्थ जर्मनीतील यंत्र, मग अमेरिकेतील, मग नेदरलँड्समधील, आणि शेवटी संकेतस्थळ. पहिल्या यंत्राला, म्हणजे गार्डला, आपला आयपी पत्ता कळतो पण आपण कुठे निघालो ते कळत नाही. शेवटच्या एक्झिटला ठिकाण कळते पण आपण कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. येथे कोणा एकावर पूर्ण विश्वास ठेवावा लागत नाही, मात्र पहिला आणि शेवटचा संगनमत करून वेळा जुळवत बसलेले नाहीत, एवढे गृहीत धरावे लागते. दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकणाऱ्यापासून टॉर संरक्षण देत नाही, आणि तसा दावा त्याच्या कर्त्यांनीही केलेला नाही.

शेवटच्या यंत्राचा धोका 2007 मध्ये उघडा पडला. डॅन एगरस्टॅड या स्वीडिश सुरक्षा सल्लागाराने स्वतःची काही एक्झिट यंत्रे चालवून त्यांतून जाणारी वाहतूक पाहिली आणि अनेक वकिलातींच्या ईमेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या हाती आले. त्यांत भारताच्या वकिलातीही होत्या. टॉरचे कूटलेखन कोठेही फुटले नव्हते. शेवटचा थर सोलल्यावर आतला मजकूर मुळात उघडाच होता, कारण ईमेल एचटीटीपीएससारख्या संरक्षणाविना वाचली जात होती. टॉर ओळख लपवते, मजकूर नव्हे, हा फरक या प्रकरणाइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतो.

व्हीपीएनच्या विश्वासाची कसोटी भारतात 2022 मध्ये लागली. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन विक्रेत्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू या नोंदी पाच वर्षे जपून ठेवायच्या होत्या. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना हे लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले, म्हणजे ऐरोलीतील कर्मचाऱ्याचा बोगदा यातून सुटला. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या विक्रेत्यांनी मात्र भारतातील सर्व्हर काढून घेतले. काहींनी यादीत ‘भारत’ हे नाव कायम ठेवले आणि भारतीय आयपी पत्ता देणारे यंत्र प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या ठिकाणी उभे केले.

वेगातील फरकाचे मूळही मार्गाच्या लांबीतच आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. नवी मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर असल्याने जाऊन येण्यास किमान 39 मिलिसेकंद लागतात, आणि समुद्री केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. आता वर सांगितलेला टॉरचा मार्ग घेऊ आणि संकेतस्थळाचा सर्व्हर मुंबईतच आहे असे मानू. नवी मुंबई ते जर्मनी, तेथून अमेरिकेचा पूर्व किनारा, परत नेदरलँड्स आणि पुन्हा मुंबई, असा एकेरी प्रवास ढोबळमानाने 26,000 किलोमीटरचा होतो. जाऊन येऊन 260 मिलिसेकंद निव्वळ प्रकाशाच्या वेगात जातात. स्वयंसेवकांनी चालवलेल्या यंत्रांवरची गर्दी यात धरलेलीच नाही. टॉर फक्त टीसीपी या पद्धतीची वाहतूक नेते, त्यामुळे यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणारे व्हिडिओ कॉल त्यातून सहसा होतच नाहीत. हा संथपणा दुरुस्त करायची चूक नव्हे. तीन अनोळखी यंत्रांमध्ये माहिती वाटून टाकण्याची ती किंमत आहे. चित्रपट पाहण्यासाठी टॉर लावून मग त्याला नावे ठेवणाऱ्यांची मला म्हणूनच गंमत वाटते.

हेच गणित व्हीपीएन विक्रेत्याचा शब्द तपासायलाही उपयोगी पडते. ‘भारत’ असे नाव असलेल्या सर्व्हरचा पत्ता मिळवून, व्हीपीएन बंद ठेवून, घरच्या संगणकाच्या टर्मिनलमध्ये एवढी आज्ञा द्यावी:

```
ping <server-address>
```

उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत आले, तर ते यंत्र सिंगापुरात असूच शकत नाही. उत्तर 60 किंवा 70 वर रेंगाळले, तर मात्र ठाम निष्कर्ष काढता येत नाही, कारण गर्दीमुळे किंवा आडवळणाच्या मार्गानेही उशीर होतो. अशा वेळी चाचणी पहाटे पुन्हा करावी आणि आलेला सर्वांत लहान आकडा धरावा.