घोषणा-विराम (अल्गो सौदे)

मध्यवर्ती बँकेचा व्याजदर किंवा महागाईचा आकडा जाहीर होण्याच्या आगेमागे सौदे करणारा प्रोग्राम ठरावीक वेळ थांबवून ठेवणे, याला घोषणा-विराम म्हणतात. अशा क्षणी खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंदावते आणि भाव मधले टप्पे गाळून उडी मारतो. एरवीच्या चढउतारावर बेतलेले नियम तिथे लंगडे पडतात. विराम घोषणांच्या तारीखवहीवर चालतो, त्यामुळे वही चुकली की विरामही चुकतो.

सोलापुरातल्या एखाद्या सराफी पेढीचे उदाहरण घेऊ. दिवसभर मोड येते, दागिने विकले जातात. निव्वळ साठा 100 ग्रॅमने वाढला की भाव पडण्याचा फटका टाळण्यासाठी प्रोग्राम एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड मिनीचा एक सौदा विकतो. हा सौदा 100 ग्रॅमचा, भाव मात्र 10 ग्रॅमचा. म्हणजे भाव 400 रुपये हलला की एका सौद्यामागे 4,000 रुपयांचा फरक. अमेरिकेचा महागाई निर्देशांक न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतो, तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. नेमकी हीच दुकानात गर्दीची वेळ, पडद्याकडे बघायला कोणी मोकळे नसते.

सप्टेंबर 2025 चा निर्देशांक 15 ऑक्टोबरला यायचा होता. अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाल्याने तो 24 तारखेला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. वर्षारंभी तारखा भरून वही मिटवणाऱ्याचा प्रोग्राम 15 ला उगाच थांबणार आणि 24 ला बिनधास्त चालणार. वहीतली बरोबर नोंद अशी:

```
event,local_time,zone,before,after,checked
US_CPI,2025-10-24 08:30,America/New_York,15,30,2025-10-23
```

वेळ मूळ गावच्या घड्याळानेच लिहावी, भारतीय वेळ प्रोग्रामने काढावी. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. हाताने ‘18:00’ लिहून ठेवले, तर हिवाळ्यात विराम तासभर आधीच उरकतो. लॉगमध्ये हे चटकन दिसते: विराम संपल्याची ओळ आधी, भावाची उडी नंतर. `checked` म्हणजे नोंद शेवटची पडताळल्याची तारीख; ती सात दिवसांहून जुनी असेल किंवा वहीची फाइलच सापडली नाही, तर प्रोग्रामने नवे सौदे बंद ठेवावेत. फाइल नाही म्हणजे घोषणा नाही, असे धरणारा प्रोग्राम सर्वांत घातक.

24 ऑक्टोबरला वरच्या नोंदीप्रमाणे 5:45 ला नवे सौदे थांबतात आणि बाजारात पडून असलेल्या लिमिट ऑर्डरी रद्द होतात. उघड्या सौद्यांची देखरेख मात्र चालूच राहते. संपूर्ण प्रोग्रामच बंद करणे ही नेहमीची चूक; त्याने स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावावर थांबवणारी ऑर्डर, सरकवणारा भागही झोपतो. आधीच लावलेला स्टॉप लॉसही लिमिटचा असेल, तर भाव त्यावरून उडी मारून जातो आणि ऑर्डर तशीच लटकते. समजा, या वेळात 200 ग्रॅम मोड आली. 6:30 नंतर, भावांतले अंतर रोजच्याइतके झाले की मगच प्रोग्रामने साठा पुन्हा मोजून ताज्या भावाने दोन सौदे विकावेत. रांगेत साठलेल्या जुन्या भावाच्या ऑर्डरी सोडणे म्हणजे विराम पाळून वाया घालवणे.

फेडरल रिझर्व्हच्या निर्णयाला हा उपाय लागू पडत नाही. तो उन्हाळ्यात रात्री साडेअकराला येतो, त्याच ठोक्याला एमसीएक्स बंद होते. हिवाळ्यात साडेबाराला येतो, तेव्हा 11:55 ला बाजार आटोपलेला असतो. थांबवायला बाजारच चालू नसतो. उडी सकाळी नऊला उघडत्या भावात दिसते, म्हणून त्या रात्री किती सौदे उघडे ठेवायचे हे बंद होण्याआधीच ठरवावे लागते.

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी दहाला, म्हणजे शेअर बाजार चालू असताना येते. निफ्टीवर अल्गो चालवणाऱ्यांसाठी ही सर्वांत अवघड वेळ, कारण बातमी एका आकड्यात संपत नाही. 6 जून 2025 ला रेपो अर्ध्या टक्क्याने उतरून 5.50 झाला आणि त्याच निवेदनात रोख राखीव प्रमाणात एका टक्क्याची कपातही होती. शिवाय दुपारी बाराला पत्रकार परिषद असते. दहा मिनिटांचा विराम इथे तोकडा पडतो. निवेदन संपेपर्यंत तरी थांबावे आणि पत्रकार परिषदेसाठी वहीत वेगळी ओळ ठेवावी. भारताचा महागाई आकडा महिन्याच्या 12 तारखेला दुपारी चारला येतो, शेअर बाजार बंद झाल्यावर. सुट्टी आली की तो सरकतो: एप्रिल 2025 मध्ये शनिवार, रविवार आणि आंबेडकर जयंती ओलांडून 15 ला आला.

4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकाबाहेर, दुपारी दोनला रेपो 0.40 टक्क्यांनी वाढवून 4.40 केला. हे कोणत्याच वहीत नव्हते. अशा दिवसांसाठी वेगळा ब्रेक लागतो: भावांतले अंतर किंवा एका मिनिटातली हालचाल नेहमीच्या कितीतरी पट झाली, की वहीत काही नसले तरी नवे सौदे थांबवणारा.