नाट्यगीत की भावगीत? मैफल बुक करण्याआधी एवढं वाचून घ्या

आम्ही नागपुरात घरगुती आणि छोट्या हॉलमधल्या मैफली लावून देतो, म्हणजे गायक, साथीदार, निवेदक आणि साउंड सगळं आमच्याकडून. बहुतेक लोक फोनवर एवढंच सांगतात की आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे, जुनी मराठी गाणी ठेवा, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर जी यादी येते तिच्यात ‘नाथ हा माझा’ आणि ‘तोच चंद्रमा नभात’ एकाखाली एक असतात. दोन्ही यमनातली, दोन्ही लोकांना पाठ, त्यामुळे वाटतं एकच प्रकार आहे. पण पहिलं नाट्यपद आहे, म्हणजे संगीत नाटकातलं गाणं, आणि दुसरं भावगीत, आणि दोघांना लागणारी साथ, वेळ, माइकची मांडणी, गायकसुद्धा वेगळा लागतो. हाच फरक दर बुकिंगला फोनवर समजावून सांगावा लागतो म्हणून तो इथे नीट लिहून देतोय.

आधी ‘तोच चंद्रमा’ घ्या. शब्द शांता शेळक्यांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. चंद्र तोच, रात्र तीच, जवळची व्यक्तीही तीच, पण मनातलं पूर्वीचं काही परत येत नाही, असा कवितेचा भाव आहे आणि चाल त्या भावाला धरून बांधलेली आहे, कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे सगळं चालीतच ठरलेलं. सुरुवातीचे वाद्यांचे सूर आणि दोन कडव्यांमधले म्युझिकचे तुकडेसुद्धा गाण्याचाच भाग असतात, ते वाजले नाहीत तर ऐकणाऱ्याला गाणं अर्धवट वाटतं. गायकाने इथे मनाने काही वाढवायचं नसतं, चार-पाच मिनिटांत गाणं पूर्ण होतं आणि तेवढंच व्हायला पाहिजे. एखाद्याने उत्साहात मध्येच तान टाकली तर यमन दिसतो पण ती हुरहुर निघून जाते, कारण लक्ष शब्दावरून गळ्याकडे जातं.

आता ‘नाथ हा माझा’. खाडिलकरांचं ‘संगीत स्वयंवर’, १९१६, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. राग यमन, ताल त्रिताल. या पदात पक्कं काय आहे तर शब्द, मुखड्याची म्हणजे सुरुवातीच्या ओळीची चाल, अंतऱ्याची चाल आणि सोळा मात्रांचं चक्र, बस. बाकीचं गायक त्या दिवशी बसून करतो. छोटासा आलाप, मग मुखडा दोन-तीनदा, तबला ठेका धरतो, आणि मग त्यातलाच एखादा शब्द घेऊन यमनाचे सूर वेगवेगळ्या वाटांनी फिरवायचे, कधी शब्दासकट, कधी आकारात तान, आणि प्रत्येक वेळी मुखडा पकडून बरोब्बर समेवर, म्हणजे चक्राच्या पहिल्या मात्रेवर यायचं. ही समेवर येण्याची जागा हीच खरी गंमत, जुने श्रोते तिथेच दाद देतात. मग अंतरा, त्यात वरचा षड्ज आणि परत मुखडा. मधे म्युझिकचा तुकडा वगैरे काही नाही, गायक श्वास घेतो तेवढ्यात पेटीवाला तीच ओळ वाजवून जागा भरतो. हे पद पाच मिनिटांतही होतं आणि बारा मिनिटंही चालतं, समोरचे लोक कसे आहेत त्यावर. आणि एवढं फिरवूनही ते ख्याल होत नाही, कारण विस्तार आटोपशीर असतो आणि शब्द शेवटपर्यंत कळावे लागतात, शेवटी बोलतेय ती रुक्मिणी, कृष्णाबद्दल.

बरेच लोक म्हणतात, रेकॉर्डवर तर तीन मिनिटांचंच आहे की. हो, कारण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. थिएटरात तेच पद वन्स मोअर घेत पुन्हा पुन्हा व्हायचं आणि चांगला गायक दर वेळी नवीन काही दाखवायचा. तेव्हा मैफलीत पद लांबलं तर गायक भरकटला असं समजू नका.

हे असं का झालं ते थोडं सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आलं, तेव्हा पदांमध्ये साकी, दिंडी, कामदा, लावणीच्या वळणाच्या चाली असं लोकांच्या कानातलं बरंच होतं आणि पदातून गोष्ट पुढे जायची, म्हणजे पद हा संवादच. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीचा रंग आणला आणि पाच वर्षांनी बखलेबुवांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधली, तिथून पद हे फिरवण्याची, रंगवण्याची चीज झालं. बालगंधर्वांच्या साथीला थिरकवाँसारखे तबलिये बसायचे, म्हणजे तयारी कुठल्या दर्जाची असेल बघा. भावगीत १९३० च्या दशकात आलं, आणि सुरुवातीच्या गाण्यांतलं ‘रानारानात गेली बाई शीळ’ लिहिणारे ना. घ. देशपांडे आपल्या विदर्भातले, मेहकरचे. पण ते वाढलं ग्रामोफोन आणि रेडिओवर.

या एका गोष्टीतून आवाजाचा सगळा फरक निघतो. नाट्यपद माइक नसताना वाढलं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे म्हणून गळा खुला, उच्चार ठसठशीत, साथीला ऑर्गनसारखं भरदार वाद्य. भावगीत माइकसमोरच जन्मलं, तिथे कुजबुजीएवढा आवाजही पोचतो म्हणून गाणं हळुवार झालं. आजही आमचा साउंडवाला भावगीताच्या गायकाला माइक ओठांजवळ देतो आणि नाट्यपदाच्या गायकाला वीतभर लांब, नाहीतर वरच्या सुरावर स्पीकर फाटतो. घरच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील तर नाट्यपदाला आम्ही गायकाचा माइक अगदी कमी ठेवतो, पेटीचा बंदच, फक्त तबल्याला थोडा. भावगीताला मात्र थोडा रिव्हर्ब लागतो, कोरडा आवाज तिथे बरा वाटत नाही.

आणखी एक मोठा फरक म्हणजे पद कुणाचं तरी असतं. भावगीतातला ‘मी’ कोणीही असू शकतो, ऐकणारा स्वतःला तिथे ठेवतो. पदात मात्र कोण गातंय, कुणाला, कुठल्या प्रसंगी हे ठरलेलं, आणि गायकी त्या पात्रातून येते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या नागपूरशी जोडलेलं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे, आणि त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे, ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्सला आहे, ते लहानपणी इथेच शंकरराव सप्रेंकडे गाणं शिकले. नाटक १९६७ च्या डिसेंबरात आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हेच शब्द दोन चालींत येतात, पंडितजींच्या गायकीची चाल धानी रागात, खाँसाहेबांची सलगवराळीत. एक शांत, सरळ वाढत जाणारी, दुसरी आक्रमक, लयीशी खेळणारी, तानांची. शब्द तेच असून माणूस बदलला की गाणं बदलतं, आणि नाटकातलं भांडणच दोन गायकींचं असल्यामुळे तो बदल म्हणजेच कथा. तुम्ही फक्त ‘घेई छंद ठेवा’ म्हणालात की आम्ही विचारतो कुठलं, ते याच्यासाठी. जमलं तर दोन्ही ठेवा, लागोपाठ, आणि मधे निवेदकाला दोन मिनिटं द्या, कट्यार न पाहिलेली नातवंडंसुद्धा मग कान देऊन ऐकतात असा आमचा अनुभव आहे. निवेदन भावगीताला नसलं तरी चालतं, पदाला प्रसंग सांगितल्याशिवाय मजा नाही.

सीमारेषेवरची गाणीही आहेत हे खरं. ‘कुलवधू’तलं ‘बोला अमृत बोला’, १९४२, मास्टर कृष्णरावांची चाल, ज्योत्स्ना भोळ्यांचा आवाज, हे पद असून भावगीताच्या जवळ आहे. अभिषेकींच्या काळातली पुष्कळ पदंही आटोपशीर, विस्तार कमी आणि शब्दाकडे जास्त लक्ष. अशी गाणी मिक्स कार्यक्रमात मधे ठेवली की एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना धक्का बसत नाही.

आता बिघडतं कुठे. सगळ्यात जास्त बिघडतं ते ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर नाट्यपद गायल्याने. ट्रॅकची लय आणि लांबी ठरलेली, गायकाला सुचलं तरी थांबता येत नाही, आणि पेटी-तबला त्याच्याकडे बघून वाजवत नाही. खर्च वाचतो हे मान्य, पण आम्ही पदांना ट्रॅक लावत नाही, भावगीतांना लावतो. दुसरं म्हणजे गायकाची निवड. बुकिंगआधी कुणाचा व्हिडिओ पाहत असाल तर ताना किती जोरात आहेत ते बघू नका, हातावर सोळा मात्रा मोजा आणि मुखडा दर वेळी सहज समेवर येतो का ते बघा, आणि तानेनंतर पुढचा शब्द स्वच्छ ऐकू येतो का. भावगीताच्या गायकाचं उलट, त्याने मूळ चालीत काही न घालता शब्द बोलल्यासारखा म्हटला की समजा जमलं.

वेळेचा हिशोब साधारण असा की दोन तासांत निवेदनासकट दहा-बारा पदं होतात, भावगीतं अठरा-वीस. म्हणून पंचवीस पदांची यादी पाठवली तर आम्ही ती कमी करायला सांगतो. साथीला पदांसाठी पेटी किंवा ऑर्गन, तबला आणि तानपुरा एवढं पुरतं. भावगीतांना की-बोर्ड, बासरी किंवा व्हायोलिन आणि साइड ऱ्हिदम लागतो, त्यामुळे माणसं वाढतात आणि बजेटही. गायक आणि गायिका दोघं असतील तर दोघांच्या पट्ट्या, म्हणजे गाण्याचा मूळ सूर वेगळा, पेटीवर पुरुष काळी एक-पांढरी दोनच्या आसपास, बायका बहुतेक काळी चार-पांढरी पाचला, मग तबलजीला दोन वेगळे तबले आणावे लागतात आणि दर गाण्याला पट्टी बदलली तर जुळवण्यातच वेळ जातो. त्यामुळे आधी गायिकेची चार, मग गायकाची चार असं लावून घ्या.

आणि गच्चीवर किंवा लॉनवर कार्यक्रम असेल तर तारीख नक्की सांगा. कोजागिरीच्या रात्री दव पडलं की तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो, मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ती ताणून चढतो, म्हणून तबलजी कार्यक्रमाच्या तासभर आधी तिथे पोचून तबला त्याच हवेत ठेवतो, तेवढा वेळ आणि एक सावलीतली जागा तुमच्याकडून लागेल.