काजूची ऑर्डर नेमकी कोणत्या जाहिरातीने आणली?

म्हापशाचा एक काजू व्यापारी ऑनलाइन विक्री करतो असे समजू. पुण्यातल्या एका बाईंनी त्याच्याकडून 1400 रुपयांचे काजू आणि आमसुले मागवली. चौदा दिवस आधी त्यांना इन्स्टाग्रामवर रीलची जाहिरात दिसली आणि त्यांनी ती उघडून पाहिली. सात दिवस आधी एका पाककृतीच्या पानावरच्या बॅनरवर त्यांनी क्लिक केले. ऑर्डरच्या दिवशी त्यांनी गूगलवर दुकानाचे नाव टाइप केले, सर्वांत वर आलेली दुकानाचीच जाहिरात दाबली आणि पैसे भरले. तिन्ही जाहिरातींवर खर्च झालेला आहे. मग या 1400 रुपयांचे श्रेय कोणाला द्यायचे?

श्रेय वाटून देण्याच्या या नियमांना ॲट्रिब्यूशन मॉडेल म्हणतात. शेवटच्या क्लिकचे मॉडेल सगळे 1400 सर्चच्या पदरात टाकते, पहिल्या क्लिकचे मॉडेल सगळे रीलला देते. समान वाटणीत प्रत्येकाला 467 रुपये येतात. टाइम डीके नावाच्या मॉडेलमध्ये जाहिरात जितकी जुनी तितके तिचे वजन कमी. दर सात दिवसांनी वजन निम्मे होते असे धरले, तर सर्चचे वजन 1, बॅनरचे अर्धे आणि रीलचे पाव. त्या प्रमाणात वाटणी केली की सर्चला 800, बॅनरला 400 आणि रीलला 200 रुपये मिळतात. ऑर्डर एकच, बाई त्याच, आणि रीलची किंमत मात्र शून्यापासून 1400 पर्यंत कुठेही. हे नियम कोणीतरी ठरवलेले आहेत, मोजलेले नाहीत. गूगल ॲनालिटिक्सने 2023 मध्ये पहिला क्लिक, समान वाटणी, टाइम डीके आणि टोकांना जास्त वजन देणारे मॉडेल, अशी चारही मॉडेले काढून टाकली. आता तिथे आधारासाठी मुख्यतः उरले आहे ते आकडेवारीवर चालणारे मॉडेल आणि शेवटचा क्लिक.

आकडेवारीवर चालणाऱ्या मॉडेलमागची एक मूळ कल्पना लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने 1953 मध्ये मांडली होती. अनेकांनी मिळून केलेल्या कामाचा मोबदला न्याय्यपणे कसा वाटावा, हा त्याचा प्रश्न होता. दोनच जाहिराती घेऊन ती समजून घेऊ. ज्यांना कोणतीच जाहिरात दिसली नाही अशा दर हजार लोकांमागे 1 ऑर्डर येते. फक्त रील पाहिलेल्यांत 3, फक्त सर्चची जाहिरात दाबलेल्यांत 5 आणि दोन्ही घडलेल्यांत 10. रील आधी आली असे मानले तर तिने 1 वरून 3, म्हणजे 2 ऑर्डरींची भर घातली. सर्चनंतर आली असे मानले तर 5 वरून 10, म्हणजे 5 ची. दोन्हींची सरासरी 3.5 हा रीलचा वाटा. सर्चची भर याच रीतीने 4 आणि 7, सरासरी 5.5. दोन्ही वाटे मिळून 9 होतात, आणि 10 मधून जाहिरातीविना येणारी 1 वजा केली तरी 9 च उरतात. वाटणी चोख झाली.

हिशेब बरोबर आहे, पण आत घातलेले आकडेच दिशाभूल करणारे असू शकतात. सर्चची जाहिरात दाबलेल्या हजारांत 5 जण खरेदी करतात ते जाहिरातीमुळे, की ते आधीच खरेदीच्या विचारात होते म्हणून? दुकानाचे नाव टाइप करणाऱ्या माणसाला दुकान माहीत असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुकानाच्या उंबरठ्यावर उभे राहून आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिला, आणि संध्याकाळी कागद घेतलेल्या नव्वद टक्के लोकांनी खरेदी केली असे मोजले, तर त्या कागदाने गिऱ्हाईक आणले असे कोणी म्हणणार नाही. नावावरच्या सर्च जाहिरातीची जागा नेमकी उंबरठ्याची आहे. तिच्या खालीच दुकानाचा फुकटचा दुवा असतो आणि जाहिरात नसती तर बोट तिथे गेले असते. आकडेवारीवर चालणारे मॉडेल, कितीही हुशार असले तरी, जाहिरात दिसलेल्यांची आणि न दिसलेल्यांची तुलना करते. हे दोन गट मुळातच वेगळे असतील तर मॉडेलला त्याचा पत्ता लागत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिले ते ईबे कंपनीत. टॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 2012 मध्ये ईबेने स्वतःच्या नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती याहू आणि एमएसएनवर बंद केल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकपैकी जवळजवळ 99.5 टक्के क्लिक फुकटच्या दुव्यावरून येऊ लागले. ईबे घराघरांत माहीत असलेले नाव होते. म्हापशाच्या दुकानाला हाच आकडा लागू होईल असे नाही, म्हणून स्वतःचा आकडा स्वतः काढावा लागतो. त्यासाठी जाहिरात काही शहरांत बंद करून, काही शहरांत चालू ठेवून फरक पाहायचा.

प्रयोगासाठी खुद्द गोवा घेऊ नये. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा यांत लोक रोज ये-जा करतात, आणि पर्यटकांमुळे इथल्या फोनची गर्दी आठवड्याला बदलते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई हेही एकच गाव धरून बाजूला ठेवावे. उरलेल्या शहरांच्या जोड्या लावायच्या. जोडी लावताना अंतर किंवा लोकसंख्या पाहू नये. मागच्या वर्षभरात दोघांच्या साप्ताहिक ऑर्डरी एकत्र वर-खाली होतात का, एवढेच पाहावे. दहा शहरांच्या पाच जोड्या झाल्या की प्रत्येक जोडीत नाणे उडवून एका शहरात जाहिरात बंद करायची. कोणते शहर बंद करायचे हे मनाने ठरवले तर मंदीतले शहर नकळत निवडले जाते.

इथे दोन चुका हमखास होतात. गूगल ॲड्समध्ये ठिकाण निवडताना मूळ पर्याय Presence or interest हा असतो. तो तसाच राहिला तर त्या शहराबद्दल रस दाखवणारा बाहेरचा माणूसही मोजणीत येतो आणि गटांची सरमिसळ होते. म्हणून Presence निवडावे. दुसरी चूक ऑर्डर मोजताना होते. मोबाइलचे इंटरनेट शहर चुकीचे दाखवते, त्यामुळे ऑर्डर पोचवण्याच्या पिनकोडवरून मोजावी, आणि पूर्ण सहा आकडी पिनकोडवरून. पहिले तीन आकडे घेतले तर 416 मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सावंतवाडी तिन्ही एकत्र येतात, आणि कदाचित त्यातले एक शहर बंद गटात व दुसरे चालू गटात असते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या ऑर्डरी वगळून फक्त पोचलेल्या मोजाव्यात.

चार आठवडे आधीचे आणि चार आठवडे प्रयोगाचे आकडे घेऊ. बंद गटात आधी 1200 ऑर्डरी होत्या, प्रयोगात 1320 झाल्या. नुसते एवढे पाहिले तर जाहिरात बंद करून धंदा वाढला असे वाटेल. पण चालू गट 1300 वरून 1495 वर गेला, म्हणजे हंगामानेच 15 टक्के वाढ आली. बंद गटही तेवढाच वाढला असता तर 1380 वर पोचला असता. प्रत्यक्षात 60 कमी पडल्या, आणि या 60 ऑर्डरी जाहिरातीने खरोखर आणलेल्या. आधीच्या चार आठवड्यांत या पाच शहरांत जाहिरातीचा अहवाल मात्र 350 ऑर्डरी आपल्या नावावर दाखवत होता.

आता रुपयांत पाहू. त्या चार आठवड्यांत या पाच शहरांत 42,000 रुपये खर्च होत होते. अहवालाप्रमाणे एका ऑर्डरीला 120 रुपये पडतात आणि ऑर्डरीमागे पॅकिंग, कुरिअर वजा जाता 300 रुपये सुटत असतील तर हा धंदा सोन्याचा वाटतो. प्रयोगाप्रमाणे एका ऑर्डरीला 700 रुपये पडतात, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीवर 400 रुपयांचा तोटा. खर्च भरून निघायला 140 ऑर्डरी खरोखर नव्या यायला हव्यात.

इथेच थांबून 60 हा आकडा किती पक्का आहे ते पाहायलाच हवे. बहुतेक जण ही पायरी गाळतात. ऑर्डरी योगायोगानेही कमी-जास्त होतात. चारही आकड्यांचे व्यस्त, म्हणजे 1/1200, 1/1300, 1/1320 आणि 1/1495, यांची बेरीज करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. उत्तर सुमारे 0.11, म्हणजे 11 टक्के. 1380 चे 11 टक्के साधारण 150. खरा परिणाम 60 च्या दोन्ही बाजूंना 150 पर्यंत, म्हणजे उणे 90 पासून 210 पर्यंत असू शकतो. शहरा-शहरांतले वेगळे चढ-उतार धरले तर ही पट्टी आणखी रुंद होते. यातून 350 हा दावा फुगवलेला आहे एवढे ठामपणे कळते. जाहिरात तोट्यात आहे हे संभवनीय ठरते, पण सिद्ध होत नाही, कारण 140 ही संख्या पट्टीच्या आतच आहे.

दहापट लहान दुकानात, जिथे चार आठवड्यांत बंद गटाच्या 120 ऑर्डरी असतात, हीच पट्टी 35 टक्क्यांची होते आणि 350 ऐवजी 35 चा दावाही खोडता येत नाही. तिथे चार आठवड्यांचा प्रयोग करणे वेळ वाया घालवणे आहे. महिने वाढवावेत किंवा गटांची अदलाबदल करून पुन्हा करावा: आधी बंद असलेली पाच शहरे चालू, चालू असलेली बंद. अदलाबदलीचा आणखी एक फायदा असा की एखाद्या शहराचा स्वतःचा कल दोन फेऱ्यांत बराचसा खोडला जातो. मात्र फेरी चवथीच्या आसपास ठेवू नये. सणाची खरेदी बेळगावात आणि नागपुरात सारख्या प्रमाणात वाढत नाही, आणि जोड्या नेमक्या तेव्हाच विसकटतात.

प्रयोग चालू असताना बंद शहरांत अधूनमधून दुकानाचे नाव शोधून पाहावे. आपली जाहिरात गेली की रिकाम्या जागी दुसऱ्या काजूवाल्याची जाहिरात येऊन बसू शकते. तसे झाले तर 60 हा आकडा लहान राहत नाही, आणि तो मोठा निघाला तर पैसा नव्या गिऱ्हाइकासाठी नव्हे तर आपलेच गिऱ्हाईक राखण्यासाठी जातो आहे असे समजावे.

निकाल हाती आला की 60 भागिले 350, म्हणजे 0.17 हा गुणक नोंदवून ठेवावा. पुढच्या महिन्यांत नावावरच्या जाहिरातीचा अहवाल जितक्या ऑर्डरी दाखवेल त्यांना 0.17 ने गुणून मग नफा-तोटा काढावा. हा गुणक रीलला लावू नये. रील अनोळखी माणसापर्यंत जाते आणि शेवटच्या क्लिकच्या हिशेबात तिला बहुधा कमीच श्रेय मिळते, त्यामुळे तिचा गुणक एकाहून मोठाही निघू शकतो. तिच्यासाठी वेगळी फेरी करावी, आणि त्या वेळी नावावरची जाहिरात सगळ्या शहरांत सारखीच ठेवावी.