पीएलसी, लेबल प्रिंटर आणि ९१०० पोर्ट: कनेक्शन तुटण्यामागची पार्श्वभूमी

पॅकिंग लाइनवर पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, कार्टनचा नंबर लेबल प्रिंटरला पाठवतो, ही गोष्ट आता इतकी रुळलीय की कनेक्शन का अडकतं ते कोणी विचारत नाही, प्रिंटर बंद-चालू करतात आणि पुढे जातात. पण या अडकण्याला इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग सिरियल केबलच्या काळात सुरू होतो.

तेव्हा आरएस-२३२ ची वायर असायची, बहुतेक ठिकाणी ९६०० बॉड, आणि वायर लावली म्हणजे जोडणी झाली. "कनेक्शन" नावाची वेगळी वस्तूच नव्हती, त्यामुळे ते तुटायचंही नाही. पीएलसी रीस्टार्ट झाला तर तो परत अक्षरं पाठवायला लागायचा आणि प्रिंटरला मध्ये काही झालं होतं हे कळायचंही नाही. प्रिंटरचा बफर भरला की तो एक्सऑफ, म्हणजे थांब, पाठवायचा, जागा झाली की एक्सऑन. लेबलची भाषाही याच काळातली, म्हणून तिला सुरुवात आणि शेवट स्वतःचा आहे, झेडपीएलमध्ये असं दिसतं:

```
^XA
^FO40,40^A0N,50,50^FDCTN-004518^FS
^PQ1
^XZ
```

प्रिंटरला नेटवर्क मिळालं तेव्हा हीच अक्षरं जशीच्या तशी टीसीपीवर टाकली गेली. ऑफिसच्या लेझर प्रिंटरसाठी एका मोठ्या कंपनीने ९१०० पोर्ट वापरायला सुरुवात केली होती, तोच लेबलवाल्यांनीही उचलला. त्यात प्रोटोकॉल असं काही नाहीच, सॉकेट उघडा आणि बाइट ओता. नेटवर्कवरून प्रिंट करायची रांगेवाली पद्धत होती, तिचं वर्णन १९९० च्या आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या तांत्रिक कागदात आहे, पण पीएलसीमध्ये ती लिहायला कोण बसणार, म्हणून ९१०० जिंकला. फक्त या सोपेपणात एक प्रश्न अनुत्तरित राहिला: कनेक्शन नेमकं किती वेळ उघडं ठेवायचं?

यावर दोन गट आहेत आणि अजून भांडतात. एक म्हणतो दर लेबलला उघडा, पाठवा, बंद करा. दुसरा म्हणतो सकाळी उघडलं की शिफ्टभर उघडंच ठेवा. दोघांकडेही रडगाणी आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

उघडं ठेवणाऱ्यांची अडचण अशी. समजा पॅनेलची पॉवर गेली, पीएलसी बंद पडला, पण प्रिंटर यूपीएसवर असल्यामुळे चालूच राहिला. पीएलसीने निरोपाचं पॅकेट पाठवलंच नाही, त्यामुळे प्रिंटरच्या लेखी जुनं कनेक्शन अजून जिवंत आहे. पीएलसी परत आला आणि नवीन कनेक्शन मागू लागला. आता अनेक प्रिंटर ९१०० वर एका वेळी एकालाच घेतात, म्हणजे दारात आधीचं भूत बसलंय आणि खऱ्या माणसाला आत घेत नाहीत. पिंग व्यवस्थित चालतं, कनेक्ट होत नाही, आणि हीच ओळखायची खूण. गंमत म्हणजे याचा विचार सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये झालाय, अर्धवट उघड्या कनेक्शनवर तिथे वेगळा भाग आहे. एक बाजू क्रॅश होऊन त्याच पोर्टवरून परत सिन, म्हणजे जोडणीची मागणी, पाठवते, दुसरी बाजू जुन्याच नंबरचा अॅक, म्हणजे पोच, देते, पहिली म्हणते हे माझं नाही आणि रीसेट पाठवते, मग दुसरी जुनं कनेक्शन सोडून देते आणि पुढच्या सिनला जोडणी होते.

पण हे जमतं फक्त पीएलसीचा स्वतःचा, म्हणजे लोकल पोर्ट तोच असला तर. आणि बहुतेक जण तो मोकळा सोडतात, सिस्टिम दरवेळी वेगळा निवडते, मग प्रिंटरला हा कोणीतरी नवीनच माणूस वाटतो आणि जुन्याची चौकशी होतच नाही. लोकल पोर्ट फिक्स केला की ही तक्रार बऱ्याच ठिकाणी थांबते. मात्र दर लेबलला बंद करणाऱ्यांनी हे करू नये, कारण जो आधी बंद करतो त्याला टाइम-वेटमध्ये थांबावं लागतं, मूळ कागदावर ते ४ मिनिटं आहे, लिनक्समध्ये ६० सेकंद, आणि तेवढ्या वेळात तीच पोर्टची जोडी परत उघडायला गेलं की एरर येऊ शकते. म्हणजे दोन्ही गटांचं सेटिंग एकमेकांच्या उलट आहे आणि लोक एकाचं दुसऱ्याकडे कॉपी करतात.

किपअलाइव्हने, म्हणजे शांत कनेक्शनवर पलीकडे कोणी आहे का ते विचारणाऱ्या टीसीपीच्या सोयीने, भूत निघेल असं सगळ्यांना वाटतं. निघतं, पण १९८९ च्या आरएफसी ११२२ ने ते मुळात बंद असावं आणि चालू केलं तर डिफॉल्ट वेळ दोन तासांपेक्षा कमी नसावी असं ठरवलं. लिनक्सच्या डिफॉल्टला ७२०० सेकंद थांबून मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारलं जातं, म्हणजे मेलेला माणूस मेला हे कळायला दोन तास अकरा मिनिटं. पॅकिंग लाइनवर एवढा वेळ कोण थांबतो.

प्रिंटरवाल्यांनी मग स्वतःचा आयडल टाइमआउट घातला, काही मॉडेलमध्ये ३०० सेकंदांचा. इतका वेळ काही आलं नाही तर प्रिंटरच कनेक्शन बंद करतो. भूत गेलं पण दुसरी तक्रार आली, जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलं लेबल येत नाही. प्रिंटरने बंद केल्याचं पॅकेट पीएलसीकडे केव्हाच आलेलं असतं पण प्रोग्राम ते बघत नाही, सुट्टीनंतर तो स्ट्रिंग पाठवतो, सेंड यशस्वी दिसतं कारण अक्षरं फक्त स्वतःच्या बफरमध्ये गेलीत, पलीकडून रीसेट येतो आणि दुसऱ्या लेबलला कुठे एरर दिसते. प्रोग्राम परत जोडतो, दुसरं लेबल पाठवतो, पहिलं हवेत.

माझं मत उघडं ठेवणाऱ्यांच्या बाजूचं आहे, पण एका अटीवर, मधल्या रिकाम्या वेळात दर दहाएक सेकंदांनी `~HS`, म्हणजे प्रिंटरची स्थिती विचारणारी झेडपीएलची कमांड, पाठवत राहायचं. याने आयडल टाइमआउट लागत नाही, आणि पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर आपणच बंद करून परत जोडायचं, किपअलाइव्हची वाट बघायची गरज नाही. उत्तरात तीन ओळी येतात, प्रत्येक एसटीएक्स या खुणेच्या अक्षराने सुरू आणि ईटीएक्सने संपते, हाही सिरियलचाच वारसा आणि इथे तो कामाचा, कारण टीसीपीला ओळ म्हणजे काय ते माहीत नाही, एका रिसीव्हमध्ये दीड ओळ येऊ शकते, तेव्हा ईटीएक्स तीनदा दिसेपर्यंत साठवायचं आणि मगच वाचायचं. पहिल्या ओळीत दुसरा आकडा १ असला तर कागद संपलाय, तिसरा १ असला तर प्रिंटर पॉजवर आहे.

कागद संपल्यावरच खरी फसगत होते. प्रिंटर छापत नाही, त्याचा बफर भरतो, तो वाचणं थांबवतो आणि टीसीपीची विंडो, म्हणजे अजून किती बाइट घेता येतील तो आकडा, शून्यावर जाते, म्हणजे जुना एक्सऑफच नव्या कपड्यात. कनेक्शन ठणठणीत असतं, फक्त सेंड अडकतं आणि `~HS` चंही उत्तर येत नाही. टाइमआउटवर रिकनेक्ट करणारा प्रोग्राम इथे तुटलं समजून परत जोडतो, तेच लेबल परत पाठवतो, ऑपरेटर रोल बदलतो आणि CTN-004518 दोनदा बाहेर येतं. म्हणून एकामागून एक दहा लेबलं ढकलण्यापेक्षा एक पाठवा, पहिल्या ओळीतला पाचवा आकडा, म्हणजे बफरमध्ये थांबलेले फॉरमॅट, शून्यावर येऊ द्या आणि मग पुढचं. बफर भरतच नाही, मग कागद संपला तरी `~HS` ला उत्तर येत राहतं.

तरीही पाठवणं आणि तुटणं यांच्या मधे सापडलेलं एक लेबल छापलं की नाही हे सॉकेटवरून कळत नाही. अशा वेळी काही जण तोच नंबर परत पाठवतात, काही तो नंबर रद्द धरून पुढचा घेतात. औषधांच्या पॅकिंगसारख्या ठिकाणी, जिथे एक नंबर दोनदा चालतच नाही, तिथे दुसरा मार्ग बरा, आणि प्रिंटरच्या पुढे स्कॅनर लावून वाचलेला नंबरच छापला असं धरायचं.